मुलीला काळपट निळी खोली हवी आहे

‘मुलगी नववीत आहे. तिने आम्हाला पत्र लिहून तिची खोली गडद निळ्या, जवळजवळ काळपट रंगाने रंगवून मागितली आहे. सासूबाई म्हणतात, वास्तूला असा रंग चालत नाही. मला वेगळीच धास्ती आहे, ती आतून निराश तर नसेल? नाही म्हटलं तर अबोला धरेल.’

ही आई नवऱ्याला आणि त्या पत्राला घेऊनच आली होती. वहीचं फाडलेलं दीड पान. रंगावरून कोणाच्याही मनाचं निदान होत नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. नैराश्याची शंका घ्यायची ती वागण्यावरून. निदान दोन आठवडे, बहुतेक दिवस उदास किंवा सतत चिडचिडी, आवडीच्या गोष्टी सोडलेल्या, झोप आणि भूक बिघडलेली, मैत्रिणी टाळणं. मरणाची भाषा किंवा स्वतःला इजा करणं दिसलं तर दोन आठवडेही थांबायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचे. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे. मी मुलीशी एकटीशी बोलले. झोप ठीक, चित्रकला जोरात, मैत्रिणींशी भांडणंही नेहमीसारखी.

मग पत्र नीट वाचलं. तिने चार कारणं दिली होती. गुलाबी रंग आणि फुलपाखरांचे स्टिकर ती सहा वर्षांची असतानाचे आहेत, अर्धे उपटलेत, मैत्रिणी हसतात. निळ्या भिंतीवर तिची पांढऱ्या शाईची चित्रं उठून दिसतील. वाढदिवसाचे साठवलेले २,३०० रुपये ती देईल. आणि चौथं: ‘दादाची खोली त्याला विचारून रंगवली. माझी रंगवताना मला कोणी विचारलं नव्हतं.’ ही ओळ पेनाने दोनदा गिरवलेली होती. आईबाबांचं घरात जे बोलणं झालं होतं ते सगळं रंगावर, या ओळीवर एक शब्दही नाही.

पत्राला उत्तर पत्रानेच द्या, असं मी सुचवलं. तोंडी बोलणं अशा वेळी ‘आधी अभ्यास कर’वर घसरतं. उत्तरात प्रत्येक कारणाला उत्तर हवं, चौथ्याला सगळ्यात आधी. आणि नकाराचं खरं कारण लिहायचं. आजीला वास्तूची काळजी वाटते, तर तसंच लिहा. ‘डोळ्यांना त्रास होईल’ असा मुलामा देऊ नका, या वयाची मुलं तो चटकन ओळखतात. ‘नव्वद टक्के मिळाले तर रंग’ ही अट मी वडिलांना खोडायला लावली. खोलीत आपलं काही चालावं एवढंच ती मागत होती, त्याला गुणांशी बांधलं की तेही परीक्षेसारखंच होतं.

खोलीला खिडकी एकच, तीही समोरच्या इमारतीकडे. चारही भिंती निळ्या झाल्या तर दिवसा दिवा लावावा लागेल, हा आईचा आक्षेप अगदी रास्त होता. म्हणून पलंगामागची एक भिंत निळी आणि बाकीच्या तीन पांढुरक्या, असं ठरलं. त्याआधी दुकानातून नमुन्याची छोटी डबी आणून त्या भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट पट्टा मारायचा, आणि तो दिवसा आणि रात्री ट्यूबच्या उजेडात पाहायचा. शेडकार्डवरचा तुकडा भिंतीवर पसरला की बराच गडद वाटतो. तिने स्वतःच एक पायरी फिकी छटा निवडली. तेच आईने सांगितलं असतं तर दोन दिवस जेवण झालं नसतं.

भिंत दहा बाय नऊ, म्हणजे ९० चौरस फूट. दोन हातांना एक लिटर रंग साधारण ६० ते ७० चौरस फूट पुरतो, म्हणून दोन लिटर घ्यायला सांगितले. स्टिकरचा डिंक घासून काढणं आणि सँडपेपर मारणं तिच्याकडे. तिचे पैसेही घ्या म्हटलं, पण थोडे: रोलर, मास्किंग टेप आणि नमुन्याची डबी तिच्या खात्यात. ‘राहू दे, तुझे पैसे नकोत’ म्हणणं प्रेमाचं असतं, पण त्याने तिचा वाटाच जातो.

एक गोष्ट मी बजावून सांगितली. गडद रंगाचा पहिला हात डागाळलेला, ढगाळ दिसतो. नेमकं तेव्हाच घरातून ‘सांगितलं होतं ना?’ बाहेर पडतं. दुसरा हात वाळेपर्यंत कोणी काही बोलायचं नाही, हे बाबांनी पत्रातच लिहून दिलं. परत फिका रंग द्यायचा तर प्रायमर आणि वर दोन हात, म्हणजे खर्च पुन्हा. त्यामुळे दोन वर्षं बदल नाही, ही अट तिने सही करून मान्य केली.

आता तिचं छताबद्दल दुसरं पत्र आलंय. बाबांनी एका ओळीत नकार दिला, कारणासकट: खोलीत दिवा एकच आहे.