परत केलेल्या वस्तूचा हप्ता, आणि 'सेटल्ड' या एका शब्दाची किंमत

"ॲपवर 'आत्ता घ्या, नंतर पैसे द्या' करून मोबाईल घेतला, पटला नाही म्हणून परत केला. तरी हप्ता कापला. कस्टमर केअर दाद देत नाही. मित्र म्हणतो त्यापेक्षा क्रेडिट कार्ड घे. खरंच कार्ड बरं का? – मिरज"

तुमची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं दुखणं परत वर आलं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. मी काय सीए नाही, कुपवाड एमआयडीसीत नोकरी करतो, जे माझ्यासोबत झालं आणि त्यातून जे शिकलो तेवढंच सांगतो.

आधी हे लक्षात घ्या की हप्ता का कापला. गल्लीतल्या किराणावाल्याकडं उधारीवर साखर नेली आणि परत आणून दिली तर तो वहीत तिथल्या तिथं काट मारतो, कारण माल पण त्याचा आणि उधारी पण त्याचीच. ॲपवर तसं नसतं. दुकान वेगळं, ॲप वेगळं, आणि पैसे देणारी तिसरीच फायनान्स कंपनी असते. तुम्ही 'पे लेटर' दाबलं त्या क्षणी तुमच्या नावावर कर्ज झालं आणि दुकानदाराला पैसे पोचले. आता मोबाईल परत गेला म्हणून कर्ज आपोआप मिटत नाही, दुकानाकडून पैसे फायनान्स कंपनीकडं जाऊन ते तुमच्या लोन खात्यात जमा झाले तरच मिटतं.

माझं असं झालं. सहा हजाराचा मिक्सर, दोन-दोन हजाराचे तीन हप्ते. भांड्याला चीर होती म्हणून चौथ्या दिवशी परत केला. दुकानाच्या ॲपवर 'रिफंड पूर्ण' दिसायचं, फायनान्सवाले म्हणायचे आमच्याकडं काही आलं नाही. पहिला हप्ता कापला गेला. मला राग आला, म्हटलं वस्तूच नाही तर पैसे कसले, आणि पाच तारखेच्या आधी मी खातं रिकामं करून ठेवायला लागलो. ही पहिली चूक. हप्ता बाऊन्स झाला की माझी बँक अडीचशे अधिक जीएसटी म्हणजे २९५ रुपये कापायची, आणि त्याच महिन्यात परत प्रयत्न झाला की परत २९५. असं चार वेळा झालं, ११८० रुपये नुसते बँकेत गेले, आणि तिकडं फायनान्स कंपनीचा दंड वेगळा चढत होता. चार हजाराचे ५३०० झाले.

मग वसुलीवाल्यांचे फोन. मला, नंतर चुलत भावाला. शेवटी एकजण गोड बोलून म्हणाला, "साहेब २५०० भरा, विषय संपवून टाकतो." मी भरले, ॲप काढून टाकलं, सुटलो म्हटलं.

इथंच सगळ्यात मोठी चूक झाली. तो विषय संपवत नव्हता, सेटलमेंट करत होता. पूर्ण पैसे भरून बंद झालेलं कर्ज क्रेडिट रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' दिसतं, आणि कमी पैशात मिटवलेलं 'सेटल्ड' दिसतं. बँकवाल्याच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच की या माणसानं घेतलेले पैसे पूर्ण फेडले नाहीत.

दोन वर्षांनी विश्रामबागला फ्लॅट बघितला, ५१ हजार इसार दिला, होम लोनला गेलो. साहेबांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली, एका ओळीवर बोट ठेवलं. कंपनीचं नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, कारण रिपोर्टमध्ये ॲपचं नाव येत नाही, मागच्या फायनान्स कंपनीचं येतं. २५०० रुपयाच्या त्या एका ओळीपायी फाईल अडकली, मुदत गेली, आणि इसार बुडाला. बायकोनं बचत गटातून साठवलेले पैसे होते त्यात. आजही त्या रस्त्यानं जाताना वाईट वाटतं. आणि नंतर कळलं की ते सहा हजार सगळा वेळ दुकानाच्या ॲपमधल्या वॉलेटमध्ये पडून होते, मी ते पान कधी उघडलंच नव्हतं.

म्हणून तुम्ही आज पहिलं ते वॉलेट बघा. तिथं पैसे असतील आणि बँक खात्यात घेता येत असतील तर घ्या, त्यातून लोन पूर्ण भरा. नसतील तर रिफंडचा रेफरन्स नंबर दुकानाकडून लेखी मागा आणि तो फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचं नाव आणि ईमेल लोनच्या कागदात असतं, ॲपच्या चॅटवर डोकं फोडत बसू नका. ३० दिवसात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करा, फुकट आहे. तोपर्यंत हप्ते चालू ठेवा. अन्याय वाटेल मला माहिताय, पण भरलेला पैसा भांडून परत मिळतो, रिपोर्टमधला उशीर पुसायला फार जड जातं. कर्ज मिटलं की नो ड्यूज लेटर घ्या, आणि मगच ऑटोपे मॅन्डेट बँकेतून बंद करा. ॲप डिलीट केल्यानं ना कर्ज बंद होतं ना मॅन्डेट.

माझं कसं सुटलं तर उरलेले २८०० भरले, नो ड्यूज घेतलं, आणि 'क्लोज्ड' करून घ्यायला पाच महिने मागं लागलो. तक्रार करूनही ३० दिवसात रिपोर्ट दुरुस्त झाला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे, ईमेलमध्ये तो लिहिला तेव्हा कुठं हालचाल झाली. मागचे उशिराचे महिने मात्र रिपोर्टमध्ये दिसतातच.

आता कार्डाचं. या एका बाबतीत कार्ड बरं असं माझं मत. रिफंड त्याच कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये जमा दिसतो, नाही आला तर कार्ड देणाऱ्या बँकेकडंच डिस्प्युट टाकता येतो, तिघांच्या दारात फिरावं लागत नाही. फक्त कार्डावर ईएमआय करून घेतलं असेल तर रिफंड आला तरी ईएमआय बंद करायला बँकेला वेगळं सांगावं लागतं, आणि प्रोसेसिंग फी सहसा परत येत नाही. 'नो कॉस्ट' म्हणतात त्यातसुद्धा व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच माथी असतो.

पण कार्डाचा खरा खड्डा म्हणजे मिनिमम ड्यू. समजा २० हजार बिल आलं आणि तुम्ही ५ टक्के म्हणजे हजार भरले. महिन्याला साडेतीन टक्के धरले तर व्याज ७०० च्या आसपास, वर जीएसटी १२६. म्हणजे भरलेल्या हजारातले पावणेदोनशेसुद्धा मुद्दलात जात नाहीत. शिवाय बाकी ठेवली की पुढच्या नव्या खरेदीवर पण पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ते ४५-५० दिवस फुकट वगैरे काही उरत नाही. म्हणून कार्ड घेतलंच तर ऑटोपे 'टोटल ड्यू'वर लावा. माझ्या मेहुण्याचा नकळत 'मिनिमम'वर लागला होता, आठ महिने त्याला वाटत होतं बिल भरलं जातंय.

ज्यांचा पगार सात-दहा तारखेला होतो आणि हप्ता पाचला कापतो त्यांनी, माझ्या मते, पे लेटरच्या नादी लागूच नये. कार्डाची बिलाची तारीख निदान बदलून मागता येते.

आणि एक, चारही क्रेडिट ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तुमचा काढा, ॲपचं नाव शोधू नका, रक्कम आणि तारीख जुळवा. मोबाईल परत केल्याची आणि हप्ता कापल्याची तारीख इथं टाका, ईमेलचा मजकूर मी मराठीत लिहून देतो.