अपडेट मागायचे, पण कसे?

‘मी सात जणांच्या टीमची लीड होऊन चार महिने झाले. दर गुरुवारी क्लायंट रिव्ह्यू असतो. बुधवारी टीमकडून स्टेटस मागताना भीक मागितल्यासारखे वाटते. दोघे माझ्यापेक्षा सीनिअर आहेत. कडक बोलले तर उद्धट दिसेन, नाही बोलले तर रात्री अकरापर्यंत फोन करत बसते. काय करू?’

पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीतील या बाई माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना एवढेच विचारले की, तुम्ही पाठवता तो संदेश मला जसाच्या तसा दाखवाल का? त्यांनी फोन पुढे केला. ‘सगळ्यांना नमस्कार, शक्य झाल्यास ईओडीपर्यंत आपापले अपडेट पाठवाल का? त्रासाबद्दल सॉरी.’ तो वाचल्यावर त्यांच्या स्वभावाविषयी बोलण्याआधी या वाक्याविषयीच बोलावे, असे मला वाटले.

‘ईओडी’ म्हणजे दिवसअखेर. पण कोणाच्या दिवसाची अखेर? टीममधील एक सहकारी न्यू जर्सीत, क्लायंटच्या कार्यालयात बसतो. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणजे त्याचे बुधवारचे साडेपाच वाजतात तेव्हा पुण्यात गुरुवारी पहाटेचे तीन वाजलेले असतात. त्याने वेळ पाळली, असे तो प्रामाणिकपणे म्हणत होता. ‘अपडेट’ या शब्दाचीही तीच गत होती. एकाने ‘नव्वद टक्के झाले’ लिहिले, दुसऱ्याने तीन परिच्छेद पाठवले, तिसऱ्याने ‘झाले’ म्हटले; मात्र त्याच्या लेखी ‘झाले’ म्हणजे कोड लिहून झाला, टेस्टिंग बाकीच होते. रिव्ह्यूमध्ये क्लायंटने तेच विचारले, आणि बाई निरुत्तर झाल्या.

वेळ ठरवताना आम्ही रिव्ह्यूपासून मागे मोजत गेलो. रिव्ह्यू गुरुवारी सायंकाळी सात वाजता होतो. क्लायंटला तक्ता आदल्या रात्री हवा असतो, मॅनेजरला तो वाचायला तास लागतो आणि आलेली माहिती टास्क बोर्डाशी ताडून पाहायला बाईंना स्वतःला दोन तास लागतात. या हिशेबाने बुधवारी दुपारी चार ही वेळ निघाली, आणि ती कोठून आली हे सांगता येत असल्यामुळे ती हुकूम वाटण्याचे कारण उरले नाही. त्यानंतर त्यांनी माझ्यासमोरच नवा संदेश लिहिला:

‘गुरुवारच्या क्लायंट रिव्ह्यूसाठी बुधवारी दुपारी 4 पर्यंत, भारतीय वेळेनुसार, शीटमधील आपापल्या ओळी भराव्यात. न्यू जर्सीसाठी ही वेळ मंगळवारची रात्र धरावी. रकाने चार आहेत: कामाचा क्रमांक, स्थिती (सुरू, अडकले किंवा टेस्टिंगसह पूर्ण), मागच्या बुधवारनंतर काय बदलले ते एका वाक्यात, आणि अडकले असल्यास कोणामुळे व नवी तारीख. 4 नंतर शीट बंद होईल. रिकाम्या ओळीत मागच्या आठवड्याची स्थिती तिच्या तारखेसह जाईल. नंतरचा बदल बैठकीत तोंडी सांगावा.’

शेवटची तीन वाक्ये त्यांना कठोर वाटली. मला ती सर्वांत सौम्य वाटतात, कारण उशीर झाला तर काय होईल हे आधीच माहीत असले की कोणावर रागवावे लागत नाही. ‘सॉरी’ मात्र मी आग्रहाने काढायला लावले. ज्या कामाचा पगार मिळतो त्याची माहिती मागणे हा कोणाला दिलेला त्रास नव्हे, आणि प्रत्येक संदेशात माफी असेल तर ऐकणाऱ्यालाही हे काम ऐच्छिक आहे असेच वाटू लागते. संदेश सोमवारी सकाळी जावा आणि बुधवारी बारा वाजता फक्त ज्यांच्या ओळी रिकाम्या असतील त्यांनाच स्वतंत्रपणे एकदा आठवण द्यावी, असे ठरले. सर्वांसमोर नाव घेऊन आठवण देण्याच्या मी विरोधात आहे.

पहिल्याच बुधवारी सातपैकी सहा ओळी भरल्या गेल्या. सातवी त्या सीनिअर सहकाऱ्याची होती, ज्यांच्याकडून बाई स्वतः काम शिकल्या होत्या. बाराची आठवणही वाया गेली. फॉरमॅट आणि वेळ यांची मर्यादा इथे येते: ज्याला सांगायला संकोच वाटतो त्याची ओळ कितीही सोपी केली तरी रिकामीच राहते. मी त्यांना आधीच सांगून ठेवले होते की, अशा वेळी ‘का भरले नाही’ असे न विचारता ‘कशात अडकले आहे’ असे विचारा. त्यांनी साडेतीन वाजता फोन केला. ‘सर, तुमचे काम कशात अडकले आहे? मी तसेच लिहू का?’ थोडे थांबून ते म्हणाले की, टेस्ट डेटाबेसची परवानगी क्लायंटकडून पाच दिवस आलेली नाही आणि एवढ्या अनुभवानंतर ‘अडकले’ लिहायला त्यांना लाज वाटत होती.

चार वाजायच्या आत ती ओळ भरली गेली: ‘अडकले, परवानगी क्लायंटकडे प्रलंबित.’ गुरुवारी बैठकीत तोच पहिला विषय निघाला आणि शुक्रवारी परवानगी आली.