व्हेंडर रिबेट: स्लॅब गाठायच्या आधीच बुक करायचा का?

प्रश्न: वर्षाला १०,००० नग घेतले की ४% रिबेट, पहिल्या नगापासून. अजून ३,००० च झालेत, आत्ताच अ‍ॅक्रुअल कशाला?

कारण हे ३,००० नगसुद्धा त्याच रिबेटच्या हिशोबात मोजले जाणारेत. वर्षाचा अंदाज १२,००० नगांचा असेल, त्याला ऑर्डर बुक आणि मागच्या वर्षाच्या खरेदीचा आधार असेल, तर पहिल्या जीआरएनपासून ४% धरायचे. दर १०० धरला तर खरेदी झाली ३,००,००० ची आणि रिबेट १२,०००. आता इथेच बहुतेक जण घसरतात, सगळे १२,००० अदर इन्कमला टाकून मोकळे होतात. रिबेट ही उत्पन्नाची नाही, खरेदीची किंमत कमी होण्याची गोष्ट आहे, IAS 2 पण हेच सांगतं. म्हणजे ३,००० पैकी १,००० नग गोडाऊनमध्ये पडून असतील तर ४,००० स्टॉकच्या किमतीतून कमी करायचे, विकल्या गेलेल्या २,००० नगांचे ८,००० विक्री खर्चातून, आणि डेबिट १२,००० रिबेट रिसीव्हेबलला. स्लॅब पार होईपर्यंत थांबलात तर एकाच महिन्यात १०,००० नगांचे ४०,००० येऊन पडतात आणि त्या महिन्याचं मार्जिन बघून साहेब विचारतात की अचानक काय झालं.

प्रश्न: आमच्यात ५,००० ला २% आणि १०,००० ला ४% आहे, ७,००० नग झाल्यावर कळलं की वर्षअखेर ९,००० च होतील. मागचे महिने उघडायचे का?

नाही उघडायचे. अंदाज बदललाय, चूक झालेली नाही, त्यामुळे फरक चालू महिन्यातच. तुमच्याकडे ४% ने २८,००० जमा असतील, आता २% ने १४,००० च बसतात, म्हणजे १४,००० उलटवा. शिल्लक १,००० नग असतील तर त्यातले २,००० परत स्टॉकवर, उरलेले १२,००० विक्री खर्चात. कॉन्ट्रॅक्टमधला अ‍ॅक्रुअलचा टक्का पण लगेच बदला, नाहीतर पुढची जीआरएन जुन्याच ४% ने पोस्ट होत राहते, हे मी दोनदा भोगलंय.

प्रश्न: क्रेडिट नोट आमच्या आकड्यापेक्षा नेहमी कमीच येते.

बहुतेक वेळा घोळ मोजणीच्या बेसमध्ये असतो. तुमची सिस्टीम जीआरएनवर मोजते, व्हेंडर इन्व्हॉइसच्या तारखेने आणि परत केलेला माल वजा करून, शिवाय तुमच्या बेसमध्ये भाडं किंवा टॅक्स शिरलेला असतो. करारातली व्याख्या वाचा आणि बेस तसाच सेट करा. आणि क्रेडिट नोट रिसीव्हेबलच्याच समोर लावा बरं का, साध्या खरेदी परताव्यासारखी टाकली की रिबेट दोनदा धरला जातो आणि रिसीव्हेबलची जुनी शिल्लक एजिंग रिपोर्टात महिनोन्महिने तशीच दिसत राहते.