गाडीतला गोंधळ आणि चालकाचा ताबा

प्रश्न: मागे मुलांचा दंगा, सोबत कुत्रा, मोठ्याने गाणी आणि सुटे सामान असले, तर गाडीवरचा ताबा खरेच कमी होतो का?

उत्तर: होतो, आणि तो किती होतो हे साध्या हिशेबाने कळते. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे जाते. म्हणजे मागच्या मुलांना दटावण्यासाठी दोन सेकंद मान वळवली, की जवळजवळ 44 मीटर रस्ता न पाहताच कापला जातो, आणि मान वळताना खांद्याबरोबर स्टिअरिंगही किंचित ओढले जाते. मांडीवर बसलेला कुत्रा हात अडवतो, तर मोठ्या आवाजात मागच्या वाहनाचा हॉर्न ऐकू येत नाही.

माझ्या मते सर्वांत फसवे असते ते सुटे सामान, कारण ते गप्प असते. घाट उतरताना ब्रेक दाबला की सीटवरची पाण्याची बाटली घरंगळत चालकाच्या पायाशी येते आणि ब्रेकच्या पेडलखाली अडकते. मग पेडल पूर्ण दाबले जात नाही. अशा वेळी खाली वाकू नये. नजर रस्त्यावर ठेवून, खालचा गिअर टाकत वेग उतरवावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि गाडी कडेला थांबवावी. मागच्या काचेजवळ ठेवलेली जड बॅग तर ताशी 50 किलोमीटरच्या धडकेत सुमारे दहा मीटर उंचीवरून पडावी तशा जोराने पुढे येते. म्हणून जड सामान डिकीत, तळाशी, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवावे.