हलक्या भारावर मागे पडणारा मीटर: सिंगल फेज तपासणीची प्रश्नोत्तरे

5–30 अँपिअर, क्लास 1 चा मीटर स्टँडर्ड मीटरशी ताडून पाहतोय. 5 अँपिअरला त्रुटी +0.03 टक्के, 0.5 अँपिअरला −0.59 आणि 0.25 अँपिअरला −1.27. मर्यादेत बसतंय, पण भार कमी केला की मीटर मागे पडत जातो. बिघाड सुरू झालाय का?

मीटरला दोष देण्याआधी जोडणी बघा. तुम्ही खरा भार, म्हणजे हीटर किंवा दिवे, लावून तपासत असाल आणि पुरवठ्यापासून आधी स्टँडर्ड, मग मीटर, मग भार अशी रांग असेल, तर हे आकडे जोडणीतूनच आले असण्याची दाट शक्यता आहे.

प्रत्येक मीटर स्वतः थोडी वीज खातो. त्याचा व्होल्टेजचा मार्ग आत पुरवठ्याच्या बाजूच्या टर्मिनलवरून, शंटच्या अलीकडे काढलेला असतो. म्हणून स्वतःचा खप मीटर स्वतः नोंदवत नाही. पण स्टँडर्ड त्याच्याही अलीकडे बसलेला असल्याने भार आणि मीटरचा खप अशी बेरीज त्याच्यातून जाते.

समजा व्होल्टेज 230 आहे आणि मीटर 0.8 वॅट खातो. 0.25 अँपिअरला भार 57.5 वॅट, स्टँडर्ड मोजतो 58.3. मीटरची खरी त्रुटी +0.1 टक्के धरली तर तो 57.56 वॅटच्या हिशेबाने नोंदवतो आणि तुम्हाला −1.27 दिसते. 0.5 अँपिअरला भार 115 वॅट, तिथे तोच 0.8 वॅट −0.59 पर्यंत ओढतो. 5 अँपिअरला 1150 वॅटपुढे त्याचं वजन 0.07 टक्के, म्हणून +0.03. तुमचे तिन्ही आकडे एकाच 0.8 वॅटने जुळतात. खूणही हीच आहे: भार निम्मा केला की फरक साधारण दुप्पट होतो. मीटरचा स्वतःचा हलक्या भारावरचा दोष इतक्या शिस्तीत क्वचितच वागतो.

खात्री दोन मिनिटांत होते. मीटर जोडलेला ठेवा, भार पूर्ण काढा आणि स्टँडर्डवर किती वॅट दिसतात ते वाचा. 0.8 च्या आसपास आकडा आला तर प्रश्न मिटला. सिंगल फेज मीटरच्या व्होल्टेज मार्गाला 2 वॅटपर्यंत खप चालतो, त्यामुळे दुसऱ्या एखाद्या मीटरवर हीच जोडणी 0.25 अँपिअरला तीन टक्क्यांहून जास्त फसवू शकते. चांगला मीटर नापास होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढे पळणारा मीटर पास होतो.

उपाय असा: स्टँडर्डचा करंटचा मार्ग मीटरच्या पुढे, भाराच्या बाजूला घ्या. स्टँडर्डच्या व्होल्टेजच्या वायरी मात्र मीटरच्या पुरवठ्याकडच्या फेज टर्मिनलला आणि न्यूट्रलला लावा. त्या भाराच्या बाजूला लावल्या तर आता स्टँडर्डचा खप मीटरमधून जाईल आणि चूक उलट्या दिशेने येईल. स्टँडर्ड चालवण्याचा पुरवठाही वेगळा घ्या. व्होल्टेज थेट मीटरच्या टर्मिनलवर घेतल्याचा आणखी एक फायदा असा, की 30 अँपिअरला वायरीत पडणारं व्होल्टेज हिशेबात शिरत नाही.

30 अँपिअरला 10 पल्स मोजतो. पाच वेळा घेतलं तर पाच वेगळे आकडे, अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक. 5 अँपिअरला तर 10 पल्स पुरतात. असं का?

तुमच्या मीटरवर युनिटला 3200 पल्स लिहिलेल्या असतील तर 5 अँपिअरला जवळजवळ सेकंदाला एक पल्स येते आणि 10 पल्सना पावणेदहा सेकंद लागतात. 30 अँपिअरला त्याच 10 पल्स 1.6 सेकंदात संपतात. सिंगल फेजची शक्ती एकसारखी वाहत नाही, 50 हर्ट्झला ती सेकंदाला 100 वेळा वर-खाली होते. शिवाय मीटरमधला प्रोग्रॅम ठरावीक अंतरानेच ऊर्जा तपासून पल्स सोडतो. त्यामुळे एखादी पल्स काही मिलिसेकंद मागे-पुढे होतेच. 10 मिलिसेकंदांची सरक 1.6 सेकंदांत 0.6 टक्के होते. 100 पल्स घ्या, साधारण 16 सेकंद, की तीच सरक 0.06 वर येते.

थोडक्यात, प्रत्येक भारबिंदूला पल्सची संख्या सारखी नको, वेळ पुरेसा हवा. 0.25 अँपिअरला मात्र एका पल्सलाच साडेएकोणीस सेकंद लागतात. तिथे 10 पल्स म्हणजे सव्वातीन मिनिटं. तिथे पाच पल्स घेऊन दोनदा मोजलं तरी चालेल.

10 पल्सच्या मोजणीत अचानक −9.09 टक्के दिसलं, तर मीटरकडे बघूही नका. सेन्सरने एक पल्स गाळली, आणि स्टँडर्डने 11 पल्सची ऊर्जा मोजली. +11.11 आलं तर एक पल्स जास्त मोजली गेली, बहुतेक वेळा बाहेरच्या उजेडामुळे. सेन्सर एलईडीवर नीट बसवा आणि त्यावर सावली धरा.

पॉवर फॅक्टर 1 ला +0.1 आणि 0.5 लॅगला −0.8, दोन्ही 5 अँपिअरला. मर्यादा ±1.0 असल्याने पास झाला. पण एवढा फरक नेमका कशाचा?

जवळजवळ नक्कीच कोनाचा. मीटरच्या आत करंट आणि व्होल्टेज यांच्यात खऱ्यापेक्षा थोडा जास्त कोन दिसत असेल, तर पॉवर फॅक्टर 1 ला त्याने काहीच बिघडत नाही, कारण तिथे कोसाइनचा माथा सपाट असतो. 60 अंशांवर तोच कोसाइन वेगाने उतरतो. तिथली टक्केवारी म्हणजे चुकीचा कोन रेडियनमध्ये, गुणिले त्या कोनाचा टॅन, गुणिले 100. 60 अंशांचा टॅन 1.73. तुमचा फरक 0.9 टक्के, म्हणजे कोन 0.0052 रेडियन, साधारण 18 मिनिटं. अंशाच्या तिसऱ्या भागाहूनही कमी.

आता 0.8 लीडला तपासा. तिथे टॅन 0.75 आहे आणि दिशा उलटी, म्हणून +0.1 मध्ये 0.39 मिळवून +0.49 च्या आसपास यायला हवं. तसं आलं तर कारण कोनच. 0.8 लीडलाही त्रुटी खाली गेली तर शोध दुसरीकडे न्यावा लागेल.

पण हा कोन मीटरचाच आहे का? एकदा माझ्या टेबलावर लागोपाठ तीन मीटर 0.5 लॅगला सारख्याच अंतराने मागे पडले. मी पहिला मीटर उघडून बसलो होतो. दोष स्टँडर्डला लावलेल्या क्लँपच्या सीटीत होता, त्याचे जबडे धुळीने नीट मिटत नव्हते आणि त्यामुळे कोन सरकत होता. तेव्हापासून 0.5 लॅगला शंका आली की मी स्टँडर्ड क्लँपशिवाय, थेट मालिकेत जोडून एकदा ताडून बघतो.

आणि पॉवर फॅक्टर नेमका 0.50 साधण्यात वेळ घालवू नका. स्टँडर्ड आणि मीटर दोघांनाही तोच कोन मिळतो, 0.49 झाला तरी तुलना बिघडत नाही.

फँटम लोडच्या बेंचवर तीन मीटर एकदम लावले. पहिले दोन दीड-दोन टक्के मागे, तिसरा बरोबर. जागा बदलली तर आता वेगळीच जोडी मागे!

मीटरच्या व्होल्टेज लिंक बंद राहिल्या आहेत. फँटम लोडवर करंट एका स्रोताकडून तिन्ही मीटरमधून मालिकेत जातो आणि व्होल्टेज दुसऱ्या स्रोताकडून समांतर मिळतं. लिंक बंद असेल तर प्रत्येक मीटरचा करंटचा मार्ग त्याच्या व्होल्टेजच्या वायरीला जोडलेला राहतो. मग पहिल्या मीटरच्या शंटला व्होल्टेजच्या वायरींची एक समांतर आडवाट मिळते. शंट आणि पुढच्या मीटरपर्यंतची जोडणी मिळून 2 मिलिओम, आणि आडवाट 100 मिलिओम असेल, तर जवळजवळ 2 टक्के करंट शंटला टाळून जातो. शेवटच्या मीटरपुढे अशी वाट नसते, म्हणून तो बरोबर दिसतो.

इथली खूण पहिल्या प्रश्नाच्या उलट आहे. ही त्रुटी भार बदलला तरी टक्क्यात साधारण तेवढीच राहते. 30 अँपिअरला त्या बारीक वायरीतून अर्ध्या अँपिअरहून जास्त करंट जात असतो, तेव्हा तपासणी लगेच थांबवा. बेंच बंद करून लिंक उघडा. ती सीलबंद झाकणाखाली असेल तर प्रत्येक जागेला वेगळा आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याचाही थोडा कोन असतो, म्हणून तो लावल्यावर 0.5 लॅगचा बिंदू एका ओळखीच्या मीटरवर पुन्हा पाहून घ्या.

स्टँडर्डच्या प्रमाणपत्रात 0.5 लॅगला त्रुटी −0.06 लिहिली आहे. मीटरची −0.97 आली. ती वजा करायची की मिळवायची?

चिन्हासकट मिळवायची. स्टँडर्ड कमी दाखवतो, म्हणजे खरी ऊर्जा त्याच्या आकड्यापेक्षा जास्त आहे, म्हणजे मीटर दिसतो त्याहून आणखी मागे आहे: −1.03. आता याला थेट नापासही म्हणता येत नाही. तुमच्या मोजणीची अनिश्चितता ±0.1 असेल तर खरं मूल्य मर्यादेच्या कुठल्याही बाजूला असू शकतं. अशा मीटरचा निकाल जास्त अचूक स्टँडर्डवरच द्यावा.

सगळे बिंदू पास झाले, तरी ग्राहक म्हणतो मीटर जास्त युनिट दाखवतो. आणखी काय तपासू?

आतापर्यंत तुम्ही एलईडीच्या पल्स तपासल्या. डिस्प्लेवरचे युनिट त्याच पल्समधून नीट जमा होतात की नाही, हे तपासलेलं नाही. प्रोग्रॅममध्ये स्थिरांक चुकीचा भरला गेला तर एलईडी अचूक आणि रजिस्टर चुकीचं, असं होऊ शकतं.

30 अँपिअरला 6.9 किलोवॅटवर मीटर तासभर चालवा आणि रजिस्टर स्टँडर्डच्या ऊर्जेशी ताडा. डिस्प्लेचा शेवटचा अंक 0.1 युनिटचा असेल तर मनाला येईल तेव्हा सुरू-बंद करू नका, 6.9 युनिटमध्ये तेवढीच चूक 1.4 टक्के होते. शेवटचा अंक बदलला त्या क्षणी स्टँडर्डची मोजणी सुरू करा आणि तासाभरानंतर तो पुन्हा बदलेल त्या क्षणीच थांबवा. तपासणी मोडमध्ये आणखी दशांश दिसत असतील तर ते वापरा.