१० टक्के वाढ की सरसकट ५ ग्रेस मार्क?

प्रश्न: पेपर फार कठीण गेला. सगळ्यांचे मार्क १० टक्क्यांनी वाढवावेत की सरसकट ५ ग्रेस मार्क द्यावेत? हुशार आणि कच्च्या मुलांना काय फरक पडेल?

उत्तर: ५० मार्कांवर दोन्ही सारखेच, ५५ होतात. त्याच्या वर टक्केवारी फायद्याची, खाली ग्रेस.

पेपर १०० चा आणि पास व्हायला ३५ धरा. ३० वाल्याला १० टक्क्यांनी फक्त ३ मार्क मिळतात, म्हणजे ३३, नापासच. ५ ग्रेसने तो बरोबर ३५ वर येतो. ८० वाल्याला टक्केवारीने ८८, ग्रेसने ८५. या दोघांतलं अंतर मुळात ५०. ग्रेसनंतरही ५०, टक्केवारीनंतर मात्र ५५. थोडक्यात, ज्याला गरज कमी त्याला जास्त मिळतं. शून्यवाल्याचं तर शून्यच राहतं!

क्रम दोन्हीत बदलत नाही, पण वरच्या टोकाला घोळ होतो. ९१ चे १००.१ होतात, म्हणजे ९१ पासून पुढचे सगळे १०० वर अडकतात आणि पहिला कोण हेच कळत नाही. ग्रेसमध्ये हे ९५ पासून होतं.

तुमचा हेतू काठावरच्या मुलांना तारण्याचा असेल तर ग्रेसच द्या. टक्केवारी मला एकाच ठिकाणी पटते: १० मार्कांचा प्रश्न चुकीचा निघून रद्द झाला, तर ९० पैकी मिळालेले मार्क १०० पैकी करायचे. तिथे ४५ चे ५० होतात, आणि ९० वाल्याचेही १०० च्या वर जात नाहीत.