धोडपच्या वाटेवरचा राम राम

प्रश्न: ट्रेकला गेलं की समोरून येणारे अनोळखी लोक हाय, राम राम, जय शिवराय करतात, शहरात तर कोणी बघत पण नाही. असं का?

आमचे दाजी म्हणतात हे सगळं नाटक आहे, ओळख ना पाळख, कशाला बोलायचं. कानात हेडफोन घालून चालतात ते.

मागच्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही चौघं हट्टी गावाकडून नाशिकचा धोडप किल्ला चढत होतो, ऊन मरणाचं. वरून लाल टोपीवाला एक मुलगा एकटाच उतरत आला. मी बाजूला व्हायला लागलो तर तोच थांबला, कारण चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते, त्याची लय तुटली की परत दम जमवायला वेळ लागतो. राम राम झालं, मी विचारलं वर पाणी आहे का, तो म्हणाला टाक्यात आहे, आणि जाता जाता म्हणाला आता इखारा सुळक्याकडच्या खिंडीत जाऊन फोटो काढतो मग खाली. दहा सेकंदं, बस.

तीन तासांनी आम्ही माचीवर उतरलो तर त्याचे दोन मित्र खालून परत वर आलेले, चेहरे पांढरेफटक. फोनला रेंज नाही, पोरगा खाली पोचलाच नाही, आणि ते त्याला बालेकिल्ल्यावर शोधायला निघालेले, म्हणजे उलट्या दिशेला. दाजींना विचारलं तर त्यांना लाल टोपी सोडा, कोणी भेटलं होतं हेच आठवेना. मला शब्द न् शब्द आठवत होता कारण मी त्याच्याशी बोललो होतो. खिंडीकडे गेलो, वीसेक मिनिटांत हाकेला ओ आली, घसाऱ्यावरून घसरून घोटा सुजून टम्म झालेला. बूट तसाच ठेवून वरूनच क्रेप बँडेज बांधलं, दोघांच्या खांद्यावर हात टाकून उतरवला, हट्टीत पोचेपर्यंत अंधार पडला.

तर तो राम राम म्हणजे हजेरी आहे. मी तुला इथे, इतक्या वाजता, असा बघितला. समोरच्याचा आवाजही कळतो, उत्तर उशिरा आलं, जीभ जड वाटली, बोलताना गोंधळला तर उन्हाने गळालेला असू शकतो, त्याला सावलीत बसवा, पाणी द्या, एकटं पुढे सोडू नका.

कळसूबाईला रविवारी हे करत बसू नका, शंभर लोकांना कोण नमस्कार घालणार, तिथे शिडीवर वर-खाली कोण आधी एवढं बोललं तरी पुरे. आणि एकटी मुलगी दिसली तर राम राम करून पुढे व्हा, एकटीच का, मुक्काम कुठे हे विचारू नका, तिला पाणी-वाट विचारायची असेल तर ती विचारेल.

दाजी अजून हेडफोन घालूनच येतात, पण आता एकच कानात, दुसरा मी काढायला लावलाय.